शैलीचित्र करताना सावळा रंग उजळतो आणि नाक बारीक होते, ते कसे सुधारावे?

फ्रेमवाला_नाशिकरोड

नमस्कार. नाशिकरोडला माझे फोटो-फ्रेमचे छोटे दुकान आहे. वर्षभरापासून फोटोवरून गोष्टीच्या पुस्तकात असते तशा शैलीचे चित्र करून देण्याची कामे येऊ लागली, म्हणून मी दुकानातल्या संगणकावर चित्रे बनवणारे स्टेबल डिफ्यूजन बसवून घेतले आणि त्याला जलरंगी चित्रांची शैली देणारी एक लोरा फाइल जोडली. आतापर्यंत लहान मुलांचे वाढदिवस वगैरे कामे बरी झाली, कारण त्यात कोणी फार बारकाईने पाहत नाही.

मागच्या आठवड्यात पेठ तालुक्यातील एका कुटुंबाने त्यांच्या आजींचा फोटो आणून दिला. आजी ओसरीवर बसलेल्या आहेत, रंग चांगला काळासावळा, नाक रुंद, कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण. मी नेहमीप्रमाणे img2img मध्ये, म्हणजे फोटोवरून चित्र करण्याच्या सोयीत, फोटो टाकला, `Denoising strength` जी ०.७५ आपोआप येते तीच ठेवली, आणि जे चित्र निघाले ते घेऊन गेलेल्या नातवाने दुसऱ्या दिवशी परत आणून विचारले, "काका, ही कोण?" त्याचे बरोबर होते. चित्रातल्या बाई गव्हाळ नव्हे तर चक्क गोऱ्या होत्या, नाक धारदार होते आणि गोंदण पूर्ण नाहीसे झाले होते.

मग मी वर्णनात dark skin लिहून पाहिले. त्याने आजींबरोबर ओसरीही काळोखी झाली आणि चेहरा दुसऱ्याच कोणत्या तरी बाईचा झाला. असे का होते आणि दुरुस्तीचा भरवशाचा मार्ग कोणता, हे जाणकारांनी सांगावे. पैसे मी परत केले आहेत, परंतु चित्र करून द्यायचेच आहे.

सुलभा_पंचवटी

आमच्या पंचवटीत काळारामाचे मंदिर आहे आणि जवळच गोरेरामाचेही आहे. तुमच्या यंत्रात पहिला राम घातला की दुसरा बाहेर येतो, एवढाच याचा अर्थ दिसतो.

उपवर_मुलीचे_बाबा

आपण वापरता त्या सोयीचे नाव कृपया कळवावे. मुलीच्या स्थळासाठी परिचयपत्रकावर लावायचा फोटो थोडा उजळ करून हवा आहे, आणि आपल्याकडे तो आपोआप होतो असे वाचून आनंद झाला.

फ्रेमवाला_नाशिकरोड

काका, मी नेमक्या उलट अडचणीत आहे. शिवाय बघायला आलेली मंडळी घरी येऊन मुलीलाच पाहणार आहेत, फोटोला नव्हे.

निनाद_सातपूर

कारण उघड आहे. ही मॉडेले ज्या चेहऱ्यांवर शिकवली जातात त्यांत गोऱ्या चेहऱ्यांचा भरणा असतो. २०२० मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील संशोधकांचे 'पल्स' नावाचे साधन गाजले होते. अत्यंत अंधुक, चौकोनी ठिपक्यांच्या चित्रातून स्पष्ट चेहरा तयार करणे हे त्याचे काम होते, आणि बराक ओबामांचे अंधुक चित्र दिल्यावर त्यातून एक गोरा पुरुष बाहेर आला. तुमच्या आजींचे तेच झाले आहे.

उपायही सोपा आहे. गिंप या फोटो सुधारण्याच्या प्रोग्राममध्ये शैलीचित्र खाली ठेवा, मूळ फोटो त्याच्यावरच्या थरात ठेवा आणि त्या थराची मिसळ `LCh Color` करा. चित्राची रेषा आणि छटा खालून येतील, रंग वरून येईल. दोन मिनिटांचे काम आहे.

फ्रेमवाला_नाशिकरोड

करून पाहिले. आजी आता आंब्याच्या बर्फीच्या रंगाच्या दिसत आहेत. गोऱ्या नाहीत हे खरे, पण सावळ्याही नाहीत.

रेषाबंध

मी पुस्तकांसाठी चित्रे काढतो आणि हा त्रास मला रोजचा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

निनाद यांनी सांगितलेले कारण खरे आहे, परंतु अर्धे. भरणा कोणाचा आहे यापेक्षा कशाला नाव दिले गेले आहे, हे इथे अधिक महत्त्वाचे ठरते. जपानी धाटणीच्या चित्रांसाठी बनलेली पुष्कळ मॉडेले डॅनबोरू या संकेतस्थळावरील चित्रांवर शिकलेली आहेत, आणि तिथे प्रत्येक चित्राला वाचकांनी खुणेचे शब्द लावलेले असतात. कातडी सावळी असेल तर `dark skin` अशी खूण लावतात, पण नेहमीची उजळ असेल तर कोणी काहीच लिहीत नाही, कारण ती लिहिण्यासारखी गोष्ट वाटतच नाही. त्यामुळे मॉडेल असे शिकते की रंगाबद्दल काही सांगितले नसेल तर कातडी उजळ समजावी. आपण शैलीचे नाव लिहितो आणि रंगाबद्दल गप्प बसतो, तेव्हा आपल्या त्या मौनाचाही अर्थ आधीच ठरलेला असतो. उलट सावळ्याची खूण ज्या चित्रांना लागलेली असते त्यांतले बाकीचे सामानही, म्हणजे केस, कपडे, पार्श्वभूमी, त्या शब्दाला चिकटून येते. तुमच्या आजींची दुसरीच बाई झाली ती त्यामुळे. शब्दांनी रंग आणण्याच्या मागे फार लागू नये, असे माझे मत झाले आहे. रंग फोटोत आहे, तो तिथूनच आणावा.

आता ०.७५ या आकड्याकडे येऊ. त्याचा अर्थ असा की तुमच्या फोटोवर एवढा गोंगाट पसरवला जातो की २० पायऱ्यांच्या कामातल्या जवळपास शेवटच्या १५ पायऱ्या यंत्र स्वतःच्या कल्पनेने चालते. गोंगाटात आधी बारीक गोष्टी बुडतात, म्हणजे गोंदण, नाकपुडीची कड, पापणीची घडी. रंगाचे मोठे पट्टे त्यामानाने उशिरा बुडतात. ०.४५ पर्यंत खाली आलात तर गालाचा अंधार पुष्कळसा टिकतो. मात्र तेवढ्यात शैलीही पातळ होते आणि फोटोवर नुसता जलरंगाचा पडदा टाकल्यासारखे दिसते, म्हणून लोक आकडा वाढवतात.

राहिली बर्फी. तपकिरी हा स्वतंत्र रंग नव्हे, तो काळोखातला नारिंगी आहे. आजींच्या गालाची रंगछटा आणि एखाद्या गोऱ्या माणसाच्या गालाची रंगछटा यांत फार अंतर नसते, अंतर असते ते उजळपणात. `LCh Color` मिसळ रंगछटा आणि तिचा भडकपणा वरून घेते, पण उजळपणा खालच्या चित्राचाच ठेवते, आणि बिघडला आहे तो नेमका उजळपणाच. उजळ गालावर सावळ्या गालाची छटा ओतली की नारिंगीच दिसणार. तेव्हा आधी उजळपणा खाली आणा आणि रंगछटेचे काम नंतर करा.

त्यासाठी मोजा. गिंपच्या पिपेटने LAB मधला L वाचता येतो. शून्य म्हणजे काळे, १०० म्हणजे पांढरे. फोटोत आणि चित्रात तीन ठिकाणी वाचा, गालाचा सपाट भाग, कपाळावरची चकाकी आणि हनुवटीखालची सावली, आणि आकडे इथे टाका. डोळ्याने बघून "थोडे उजळले आहे" म्हणण्यात आपण नेहमी फसतो, कारण डोळ्याला चित्राच्या उजळपणाची पाच मिनिटांत सवय होते.

फ्रेमवाला_नाशिकरोड

मोजले. फोटोत गाल ३६, चकाकी ५८, सावली २२. चित्रात गाल ७१, चकाकी ८०, सावली ६०. एवढा फरक असेल असे खरोखर वाटले नव्हते.

रेषाबंध

यात अजून एक गोष्ट पाहा. फोटोत सावलीपासून चकाकीपर्यंत ३६ अंकांचे अंतर आहे, चित्रात अवघे २०. म्हणजे चेहरा उजळला तसा सपाटही झाला. सावळ्या कातडीवर चकाकी आणि गाल यांतला फरक ठळक असतो आणि चेहऱ्याची घडण डोळ्याला त्यातून कळते. म्हणून चेहऱ्यावर काळपट रंगाचा थर `Multiply` ने टाकण्याचा जो उपाय ठिकठिकाणी सांगतात तो करू नका. त्याने चकाकीही त्याच प्रमाणात विझते आणि चेहरा काजळी धरलेल्या भांड्यासारखा होतो. त्याऐवजी कातडीपुरता मुखवटा करून `Curves` मध्ये गाल आणि सावली यांचे बिंदू भरपूर खाली ओढा आणि चकाकीचा बिंदू त्यामानाने कमी ओढा. मुखवट्यात मान, कान आणि हात धरायला विसरू नका. चेहरा सावळा आणि हात गोरे अशी चित्रे मी छापून आलेली पाहिली आहेत.

अर्धविराम

मला या सगळ्या चर्चेत एक गृहीतक खटकते. शैली म्हणजेच फेरफार. व्यंगचित्रकार नाक मोठे करतो, जपानी धाटणीत डोळे मोठे होतात, तेव्हा आपण तक्रार करत नाही. मग यंत्राने रंग आणि नाक बदलले तर तो दोष आणि माणसाने बदलले तर ती शैली, असे का?

रेषाबंध

प्रश्न योग्य आहे. माझी कसोटी अशी आहे की शैली सर्वांना एकाच प्रकारे वाकवते. डोळे मोठे व्हायचे असतील तर सगळ्यांचेच व्हावेत. पण त्याच लोरा फाइलने माझ्या एका गोऱ्या, धारदार नाकाच्या मित्राचा रंग आणि नाक जवळजवळ जसेच्या तसे ठेवले. सगळ्यांना एकाच मुक्कामाकडे ओढायचे आणि जो आधीच तिथे उभा आहे त्याला हलवायचे नाही, याला मी शैली म्हणणार नाही.

अर्धविराम

पटले, परंतु पूर्ण नाही. मिनिएचर चित्रांतही सगळ्यांची नाके एकाच साच्यातली असतात.

फ्रेमवाला_नाशिकरोड

नाकाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. चित्राला फोटोतल्या आकारांना धरून ठेवणारे कंट्रोलनेटही मी वापरून पाहिले होते. फोटोतल्या रेषा काढून देतो तो `canny` प्रकार लावला. तरीही नाक बारीकच आले. रेषा दिल्यावर तरी यंत्राने ऐकायला हवे ना?

रेषाबंध

यंत्राने ऐकले, पण तुमच्या रेषांत नाक होते का, हे पाहिलेत का? रेषांचे जे काळे-पांढरे चित्र तयार होते ते उघडा आणि फोटोवर अर्धपारदर्शक ठेवून पाहा.

ही रेषा शोधणारी पद्धत शेजारच्या ठिपक्यांच्या उजळपणात मोठा फरक दिसला तरच रेषा मानते, आणि किती फरक पुरे हे ठरवणारे दोन उंबरठे सुरुवातीला १०० आणि २०० वर असतात. गोऱ्या चेहऱ्यावर नाकपुडीची सावली तो उंबरठा सहज ओलांडते. ओसरीच्या सावलीत बसलेल्या काळ्यासावळ्या चेहऱ्यावर नाकपुडीची कड आणि गाल यांत फरकच थोडा असतो, त्यामुळे रेषा उमटत नाही. जिथे रेषा नाही तिथे यंत्राला मोकळे रान मिळते आणि ते आपल्या सवयीचे नाक बसवते.

उपाय असा की रेषा काढण्यासाठी फोटोची वेगळी प्रत करा आणि फक्त त्या प्रतीत `Levels` चा मधला आकडा १ वरून १.६ च्या आसपास न्या, म्हणजे सावलीतले तपशील वर येतील. उंबरठे ५० आणि १२० करा. मूळ फोटोला मात्र हात लावू नका, रंग त्यातूनच यायचा आहे. याची किंमतही सांगतो: उंबरठे उतरवले की सुरकुत्या, लुगड्याची नक्षी आणि भिंतीचे पोपडेही रेषा होऊन येतात आणि आजी शंभरीच्या दिसू लागतात. नको त्या रेषा काळ्या ब्रशने हाताने पुसाव्या लागतात. गोंदण तर हातानेच काढावे लागेल, कारण सावळ्या कातडीवरची हिरवट निळी खूण कोणत्याही उंबरठ्याला दाद देत नाही.

जुनी_डार्करूम

चाळीस वर्षे लग्नाचे फोटो काढले, त्या अनुभवावरून दोन शब्द.

हा आजार जुना आहे. कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी 'शर्ली कार्ड' देत असे, त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असे, आणि तिची कातडी नीट छापली गेली की यंत्र नीट लागले असे समजत. आमच्याकडचे नवरा-नवरी मग विटकरी किंवा कोळशासारखे येत आणि आम्ही हाताने छपाई सुधारत बसायचो. त्यामुळे मला यात आश्चर्य वाटत नाही.

परंतु रेषाबंध यांच्या ३६ या आकड्याबद्दल माझा आक्षेप आहे. ओसरीच्या सावलीत ३६ आलेला गाल अंगणात ४५ सुद्धा येईल. आजींचा खरा रंग कोणता? शिवाय आजकालचे फोन चेहरा ओळखून तो स्वतःहून उजळतात, म्हणजे मूळ फोटोवरही विश्वास ठेवता येत नाही. मी एकच आकडा धरून चालण्याऐवजी त्याच फोटोतल्या पांढऱ्या वस्तूशी गालाचे नाते पाहीन. चित्रात भिंत उजळली असेल तर गालही थोडा उजळलेला चालतो. भिंत तिथेच राहून फक्त गाल उजळला, तर मात्र खोट आहे.

रेषाबंध

मान्य. फ्रेमवाला, भिंतीचा L दोन्हीकडे किती आहे?

फ्रेमवाला_नाशिकरोड

फोटोत चुन्याची भिंत ७४, चित्रात ७८. म्हणजे भिंत ४ ने चढली आणि आजी ३५ ने.

नीलिमा_देवळाली

माझा प्रश्न जरा वेगळा आहे, पण इथेच विचारते. माझ्या हळदीच्या फोटोचे असे चित्र केले तेव्हा मी गोरी झाले नाही, फिकट हिरवट झाले. माझाही रंग सावळाच आहे.

जुनी_डार्करूम

ताई, हळदीचा पिवळा रंग पाहून फोनने फोटोत निळा वाढवला असणार, आणि पुढचे साधन त्या निळसर कातडीला जलरंग समजले असेल. आधी मूळ फोटोत पाटावरच्या पांढऱ्या कापडावरून रंगसंतुलन करा आणि मग चित्र करा. हळद असलेल्या गालावरून कातडीचा रंग मोजू नका. कान किंवा मनगट बघा.

फ्रेमवाला_नाशिकरोड

तीन रात्री बसलो. काय केले ते सविस्तर लिहितो, चुकांसह.

फोटोच्या उजळलेल्या प्रतीवरून ५० आणि १२० वर रेषा काढल्या. नाकपुड्या दोन्ही दिसल्या, पण गालावर सुरकुत्यांचे जाळे आले, ते निम्मे पुसले. स्ट्रेंग्थ ०.५ ठेवली आणि लोरा फाइलचे वजन १ वरून ०.६ केले, कारण रंग उजळण्यात तिचाही हात आहे अशी शंका होती, आणि ती खरी निघाली: बाकी सर्व तेच ठेवून फक्त वजन उतरवल्यावर गाल ५९ वरून ५२ वर आला. नाक यावेळी ओळखीचे आले. फोटोत नाकाची रुंदी ओठांच्या रुंदीच्या साधारण ०.८ पट होती, पहिल्या चित्रात ती ०.५५ झाली होती, आता ०.७५ आहे.

५२ वरून पुढे मुखवटा आणि `Curves` ने गाल ३९ वर आणला आणि चकाकी ५७ वर ठेवली. त्यानंतर निनाद यांचा `LCh Color` थर लावला आणि या वेळी बर्फी झाली नाही, रंग बरोबर बसला. म्हणजे युक्ती चुकीची नव्हती, तिची पाळी चुकली होती.

इथे थांबलो असतो तर बरे झाले असते, पण कातडी चित्रावर चिकटवल्यासारखी दिसत होती. जलरंगाचे ओघळ लुगड्यावर होते आणि चेहऱ्यावर नव्हते. म्हणून सुधारलेले चित्र पुन्हा एकदा img2img मधून ०.२५ वर काढले. ओघळ आले, पण गाल ४४ वर चढला. मग मागे जाऊन गाल मुद्दाम ३५ पर्यंत उतरवला आणि पुन्हा ०.२५ वर काढले, तेव्हा तो ३९ वर येऊन थांबला. यंत्र उजळवणारच हे धरून आधीच थोडे जास्त गडद द्यायचे, हे शिकलो. गोंदण सगळ्यात शेवटी हाताने काढले, कारण दुसऱ्या फेरीत ते पुन्हा पुसले गेले असते.

एक चूक राहिली होती ती बायकोने दाखवली: तळहातही चेहऱ्याएवढेच गडद झाले होते. तळहात आणि नखे मुखवट्यातून वगळावी लागतात.

निनाद_सातपूर

माझ्या थराला न्याय मिळाला याचा आनंद आहे. पण तीन रात्री? दुकानात एका चित्रामागे एवढा वेळ कोण देणार? माझ्या मते सावळ्या चेहऱ्यांच्या चित्रांवर वेगळी लोरा फाइल शिकवणे हाच खरा उपाय.

रेषाबंध

मी २५ चित्रांवर तसा प्रयत्न केला आहे. रंग सुधारला, पण सगळ्या बाया एकमेकींच्या बहिणी दिसू लागल्या, कारण माझ्या २५ चित्रांत चेहरेच मोजके होते. शिकवायचे तर वेगवेगळ्या वयांचे, नाकांचे आणि निरनिराळ्या उजेडातले चेहरे हवेत, आणि ती चित्रे आधी कोणी तरी हाताने काढलेली हवीत.

सुलभा_पंचवटी

चित्र घरच्यांना पसंत पडले का, ते सांगितलेच नाही तुम्ही.

फ्रेमवाला_नाशिकरोड

काल घेऊन गेले. नातू बराच वेळ हनुवटीच्या गोंदणाकडे पाहत होता, मग म्हणाला की डाव्या बाजूला एक ठिपका कमी आहे. मी तिथेच वाढवून दिला. आजींच्या मुलाने मात्र जाताना हळूच विचारले, "भिंतीवर लावायचे आहे, थोडे उजळ करता येईल का?" मी दोन्ही प्रती दिल्या आहेत. कोणती लावली ते अजून कळलेले नाही.

जुनी_डार्करूम

छापताना मॅट कॅनव्हास घेतला असेल तर ३९ चा गाल कागदावर अजून खाली बसेल आणि सावली पूर्ण बुजेल. आधी चेहऱ्याचा तळहाताएवढा तुकडा छापून दारातल्या उजेडात बघा, आणि मगच मोठी प्रत काढा.

फ्रेमवाला_नाशिकरोड

मॅटच घेतला होता. उद्या सकाळी तुकडा छापून बघतो.